शेवटचा हात: लेख प्रकाशित करण्याआधी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

लेख लिहून झाला आहे, त्यावर संपादनाचा हात फिरला आहे, छायाचित्रे जोडली आहेत आणि ‘प्रकाशित करा’ हे बटण तेवढे दाबायचे राहिले आहे, अशा वेळी उरलेल्या तासाभरात नेमके काय पाहावे, हे नव्याने ऑनलाइन लिहू लागलेल्यांना कळावे म्हणून हे टिपण लिहीत आहे. लेखाचा आशय योग्य आहे का, मांडणी पटते का, परिच्छेदांचा क्रम बदलावा का, हे प्रश्न इथे घेतलेले नाहीत, कारण ते या टप्प्याच्या आधीच सुटलेले असले पाहिजेत. शेवटच्या तासात जो परिच्छेद नव्याने लिहिला जातो, तो कोणीही तपासलेला नसतो.

उदाहरण म्हणून एकच लेख शेवटपर्यंत सोबत घेऊ. समजा, सोलापुरातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने शहराच्या चार हुतात्म्यांवर लेख लिहिला आहे आणि तो १२ जानेवारीला सकाळी प्रकाशित व्हायचा आहे. मे १९३० मध्ये सोलापूरकर रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, पाठोपाठ शहरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. लेख दीड हजार शब्दांचा आहे, त्यात पाच दुवे, तीन छायाचित्रे आणि घटनाक्रमाचा एक लहान तक्ता आहे. हा विषय मुद्दाम घेतला आहे. ज्यांची आठवण जागवण्यासाठी लेख लिहिला, त्यांचेच नाव चुकीचे छापले गेले किंवा त्यांचाच चेहरा मोबाइलवर अर्धा कापला गेला, तर बाकीचा लेख कितीही चांगला असला तरी सोलापूरकर वाचकाला ते लागते, आणि लागायलाच हवे.

तपासणी चार फेऱ्यांत करावी: आधी मजकूर, मग दुवे, मग छायाचित्रे आणि शेवटी मोबाइल. एका फेरीत एकच गोष्ट पाहावी. शुद्धलेखन तपासता तपासता मध्येच एखादी लिंक उघडून पाहिली की नजर त्या नव्या पानात गुंतते आणि परत आल्यावर दोन ओळी तशाच सुटतात. क्रमालाही कारण आहे. मजकुरातला एखादा शब्द दुरुस्त करताना त्यावर बसवलेला दुवा तुटू शकतो, वाक्य वाढले की छायाचित्र खाली सरकते, आणि या सगळ्याचा एकत्रित परिणाम मोबाइलच्या पडद्यावर दिसतो. म्हणून मोबाइलची फेरी शेवटची. त्या फेरीत काही बदलावे लागले, तर निदान तो परिच्छेद आणि त्यातले दुवे पुन्हा पाहावेत.

पहिली फेरी: मजकूर

स्वतःचे लिखाण वाचताना डोळे अक्षरे वाचत नाहीत, मनात असलेले वाक्यच पुन्हा म्हणतात. यावर उपाय एवढाच की, मजकूर डोळ्यांना अनोळखी वाटेल असे करावे. लेख जिथे लिहिला तिथे न वाचता पूर्वदृश्यात, म्हणजे प्रिव्ह्यूमध्ये, वाचावा, अक्षरांचा आकार दीडपट करावा किंवा सरळ छापून घ्यावा. शक्य असेल तर लेख संपल्यावर एक रात्र जाऊ द्यावी. मोठ्याने वाचणे मराठीसाठी विशेष उपयोगी आहे, कारण गाळलेला शब्द, दोनदा आलेला ‘आणि’ किंवा बहुवचनी कर्त्याला लागलेले एकवचनी क्रियापद कानाला लगेच खटकते. ह्रस्व-दीर्घाच्या चुका मात्र कानाला कळत नाहीत. त्यासाठी नजरच लागते.

वाचायला बसण्याआधी एक चिठ्ठी तयार करावी आणि तिच्यावर लेखातली सगळी विशेषनामे, तारखा आणि आकडे उतरवावेत. ते स्वतःच्या लेखातून उतरवू नयेत, तर ज्या ग्रंथातून किंवा दस्तऐवजातून माहिती घेतली तिथून घ्यावेत, कारण लेखातूनच उतरवले तर चूकही चिठ्ठीवर येते आणि मग तीच खरी वाटू लागते. आपल्या उदाहरणातल्या चिठ्ठीवर चार हुतात्म्यांची नावे, ‘येरवडा’, ‘मार्शल लॉ’, ‘मे १९३०’ आणि ‘१२ जानेवारी १९३१’ एवढे तरी असेल. मग दुसऱ्या कोणाला तरी चिठ्ठी मोठ्याने वाचायला सांगावी आणि आपण लेखात प्रत्येक नाव अक्षर-अक्षर जुळवावे. मोबाइलच्या कळफलकावर शब्द सुचवले जात असल्याने ‘सारडा’ लिहिताना बोट जरा घसरले तरी ‘शारदा’ येऊन बसते, ‘धनशेट्टी’मधला एक ‘ट’ गळतो, आणि ‘हुसेन’ एका परिच्छेदात ‘हुसेन’ तर दुसऱ्यात ‘हुसैन’ होते. शेवटच्या बाबतीत दोन्ही रूपे लोकांच्या लिहिण्यात आढळतात. त्यांतले एक निवडावे, चिठ्ठीवर लिहावे आणि लेखभर तेच ठेवावे. वर्षांत १९३१ चे १९१३ होणे ही नेहमीची चूक आहे आणि मोठ्याने वाचतानाही ती निसटते, कारण वाचणाऱ्याला वर्ष पाठ असते. म्हणून आकडे उलट दिशेने, एकेक अंक म्हणत जुळवावेत.

यानंतर शोधसुविधा वापरावी, म्हणजे Ctrl+F. इथे ‘सोलापूर’ हा शब्दच सगळ्यात चांगला धडा देतो. मराठीत अकारान्त शब्दाचे उपान्त्य अक्षर दीर्घ असेल तर सामान्यरूपात ते सहसा ह्रस्व होते. त्यामुळे ‘सोलापूर’ दीर्घ, पण ‘सोलापुरात’, ‘सोलापुरातील’ आणि ‘सोलापुरी’ ही रूपे ह्रस्व. मात्र ‘सोलापूरचा’, ‘सोलापूरहून’, ‘सोलापूरकर’ यांत शब्दाचे मूळ रूप तसेच राहते, म्हणून तिथे पुन्हा दीर्घ. आता एखाद्याने ‘सोलापुर’ हे चुकीचे रूप शोधून सगळीकडे एका फटक्यात ‘सोलापूर’ करून टाकले, तर ‘सोलापुर’च्या चुका जातील हे खरे, पण त्याबरोबर बरोबर असलेल्या ‘सोलापुरात’चे ‘सोलापूरात’ होईल. एका चुकीच्या जागी दहा चुका तयार होतात, आणि त्या शेवटच्या क्षणी झालेल्या असल्याने कोणी पाहतही नाही. म्हणून सगळे एकदम बदलण्याची सुविधा मराठी मजकुरावर वापरू नये. प्रत्येक ठिकाणी थांबावे, पुढचे अक्षर पाहावे आणि हाताने दुरुस्त करावे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला अपवाद आहेत, त्यामुळे ‘शरीर’चे ‘शरीरात’ होते, ‘शरिरात’ नव्हे.

शुद्धलेखन तपासणारी साधने जरूर वापरावीत, पण त्यांतली बहुतेक शब्द कोशात आहे की नाही एवढेच पाहतात. ‘हुतात्मा दिन’ लिहिताना ‘हुतात्मा दीन’ झाले तर असे साधन काहीच बोलणार नाही, कारण ‘दीन’ हाही शुद्ध शब्द आहे. त्याचा अर्थ मात्र गरीब, लाचार. हुतात्म्यांच्या लेखाच्या शीर्षकात ही चूक राहणे किती वाईट, ते सांगायला नको. ‘सूत’ आणि ‘सुत’ ही जोडी अशीच: गिरण्यांच्या शहराविषयी लिहिताना ‘सूतगिरणी’ हा शब्द येणारच, आणि ‘सुत’ म्हणजे मुलगा. अशा जोड्यांतले शब्द आपल्या लेखात कुठे येतात, ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवावे आणि प्रत्येकाचा स्वतंत्र शोध घ्यावा.

आता ‘ऱ्य’कडे जरा निवांत पाहू, कारण नवख्यांचे सर्वाधिक लेख इथे बिघडतात. ‘मोर्चेकरी’ या शब्दाचे रूप ‘मोर्चेकऱ्यांवर’ असे होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये डीटीपीवर जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना, किंवा घाईने टंकताना, त्याचे ‘मोर्चेकर्यांवर’ होते, म्हणजे रफार ‘य’च्या डोक्यावर चढतो. हा केवळ दिसण्यातला फरक नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. ‘आचार्यांना’ बोलावले तर विद्वान येतील आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी. तपासायचे असे: शोधाच्या चौकटीत ‘र्य’ टाकावे आणि जिथे जिथे ते सापडेल तिथे शब्द मोठ्याने उच्चारून पाहावा. ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘धैर्य’ यांत ‘र’चा आघात आधीच्या अक्षरावर पडतो, म्हणून तिथे रफार योग्य आहे. ‘वाऱ्या’, ‘शेतकऱ्यांनी’, ‘दुसऱ्या’ यांत आघात पडत नाही, म्हणून तिथे ‘ऱ्य’ हवे. इनस्क्रिप्ट कळफलकावर Shift+J दाबल्यावर ‘ऱ’ येतो, त्यानंतर हलन्त आणि ‘य’ टंकले की जोडाक्षर तयार होते. ‘ऱ्ह’बाबतही हेच लक्षात ठेवावे, म्हणजे ‘कऱ्हाड’ आणि ‘वऱ्हाड’ नीट उमटतील.

देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक एकाच लेखात मिसळले असतील तर एक पद्धत ठरवून दुरुस्त करावे, आणि ‘ॲ’ हे अक्षर कुठे एकसंध तर कुठे ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले असेल तर तेही सारखे करावे. वाचकाला दोन्ही सारखीच दिसतात, पण शोध घेताना एकाच्या जागी दुसरे सापडेलच असे नाही.

दुसरी फेरी: दुवे

दुवा तपासणे म्हणजे तो निळा दिसतो आहे हे पाहणे नव्हे. प्रत्येक दुवा दाबावा, उघडलेले पान पूर्ण येऊ द्यावे, आणि मग स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मी वाक्यात ज्याचे आश्वासन दिले आहे, ते या पानावर आहे का? ‘४०४’ असे लिहून आले तर दुवा तुटला आहे हे लगेच समजते. त्याहून फसवे असते ते चालू असलेले, पण चुकीचे पान. सरकारी संकेतस्थळांची मांडणी बदलली की जुना पत्ता अनेकदा सरळ मुखपृष्ठावर नेऊन सोडतो. तिथे पान दिसते, पण वाचकाला हवा असलेला दस्तऐवज दिसत नाही. दुवे आपोआप तपासणाऱ्या साधनांना अशी चूक कळत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने पान उघडले म्हणजे काम झाले.

आपल्या उदाहरणातल्या पाच दुव्यांपैकी पहिला जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळाचा आहे. तो दाबल्यावर तिथे न जाता आपल्याच संकेतस्थळावरचे ‘पान सापडले नाही’ असे पान उघडते. याचे कारण बहुतेक वेळा पत्त्याच्या सुरुवातीला असते:

```
<a href="solapur.gov.in">जिल्ह्याचे संकेतस्थळ</a>
<a href="https://solapur.gov.in">जिल्ह्याचे संकेतस्थळ</a>
```

पहिल्या ओळीत `https://` नाही, म्हणून ब्राउझर `solapur.gov.in` हे आपल्याच संकेतस्थळावरच्या एखाद्या पानाचे नाव समजतो आणि तिथेच ते शोधत बसतो. दुसरी ओळ बरोबर आहे. चुकीच्या दुव्यावर काही क्षण माउस ठेवला तर ब्राउझरच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात पूर्ण पत्ता दिसतो. त्यात आपल्या संकेतस्थळाचे नाव पुढे जोडलेले असेल, तर निदान तिथेच झाले.

दुसरा दुवा लेखिकेच्याच आधीच्या लेखाचा आहे. तिला तो व्यवस्थित उघडतो, पण वाचकाला उघडणार नाही, कारण तिने तो पत्ता मसुद्याच्या पूर्वदृश्यातून उचलला आहे. पत्त्यात `preview=true` असे काही दिसले की तो पत्ता केवळ आपल्यासाठी आहे हे ओळखावे आणि प्रकाशित लेखाचा पत्ता घ्यावा. तिसऱ्या दुव्यावर गूगल ड्राइव्हवर ठेवलेली जुन्या कागदपत्रांची पीडीएफ आहे. तीही लेखिकेला उघडते, कारण फाइल तिचीच आहे, आणि वाचकाला मात्र परवानगी मागावी लागते. या दोन्ही चुका पकडण्याचा मार्ग एकच: ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी, क्रोममध्ये त्यासाठी Ctrl+Shift+N आहे, आणि कुठेही लॉग-इन न करता प्रत्येक दुव्याचा पत्ता तिथे चिकटवून पाहावा. माझ्या मते दुव्यांच्या फेरीतली ही एकच कृती अशी आहे की जी कितीही घाई असली तरी सोडू नये.

चौथ्या दुव्याच्या पत्त्याच्या शेवटी वाक्यातला पूर्णविराम चिकटून आला आहे, म्हणून तो तुटला आहे. विराम काढला की प्रश्न मिटतो. पाचवा दुवा चालतो, पण ते संकेतस्थळ छोटे आहे आणि वर्षभरात बंद पडू शकते. अशा पानाची प्रत web.archive.org वर जतन करून ठेवावी, म्हणजे मूळ पान गेल्यावर तिकडचा पत्ता देता येतो. दुवा कोणत्या शब्दांवर बसवला आहे, तेही पाहून घ्यावे. ‘इथे क्लिक करा’ यावर बसवलेला दुवा वाचकाला काहीच सांगत नाही. ‘जिल्ह्याचे संकेतस्थळ’ किंवा ‘मूळ कागदपत्रांची पीडीएफ’ असे शब्द असले की पान उघडण्याआधीच वाचकाला पुढचे कळते, आणि मोबाइलवर मोठी पीडीएफ उतरवायची की नाही हे त्याला ठरवता येते.

तिसरी फेरी: छायाचित्रे

छायाचित्र आपल्या संगणकावर दिसते, याचा अर्थ ते लेखात आहे असा होत नाही. वर्डमधून मजकूर चिकटवताना कधी कधी चित्राऐवजी त्याचा आपल्या संगणकावरचा पत्ताच येतो आणि तो `file:///C:/` असा सुरू होतो. वर्डमध्ये ते चित्र दिसत असते, वाचकाला मात्र रिकामी चौकट दिसते. म्हणून ही फेरीही खासगी खिडकीत आणि शक्य तर दुसऱ्या यंत्रावर करावी. आयफोनवर काढलेली छायाचित्रे बऱ्याचदा HEIC या प्रकारात असतात आणि क्रोम ती दाखवत नाही. ती जेपीजीमध्ये बदलूनच चढवावीत. फाइलच्या नावातल्या लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांकडेही पाहावे: विंडोज `Hutatma.JPG` आणि `hutatma.jpg` यांत भेद करत नाही, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि ते करतात. त्यामुळे नावे नेहमी लहान अक्षरांत ठेवलेली बरी.

फोनवरच्या कॅमेऱ्यातून आलेले छायाचित्र सहज चार-पाच एमबीचे असते. लेखाच्या आत त्याची रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल पुरते, आणि तेवढ्यात ते साधारण २०० ते ३०० केबीत बसते. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या वाटेवर एसटीत बसून लेख उघडणाऱ्याला, जिथे रेंज येते-जाते, तिथे हा फरक छायाचित्र दिसणे आणि न दिसणे यातला असतो.

आता या फेरीतला सर्वांत नाजूक भाग. आपल्या लेखिकेने चौघा हुतात्म्यांची चित्रे शेजारी शेजारी जोडून ३००० × १००० पिक्सेलची आडवी पट्टी केली आहे आणि तीच लेखाचे मुख्य चित्र म्हणून लावली आहे. लेखात ती छान दिसते. पण लेखाचा दुवा फेसबुकवर गेला की त्याच्यासोबत येणारे चित्र साधारण १२०० × ६३० या प्रमाणात कापले जाते. पट्टीची उंची १००० असल्याने त्या प्रमाणात सुमारे १९०५ पिक्सेल रुंदी उरते, म्हणजे दोन्ही बाजूंनी जवळजवळ ५४७ पिक्सेल कापले जातात. प्रत्येक चित्र ७५० पिक्सेल रुंद आहे, त्यामुळे कडेच्या दोघांची जेमतेम २०० पिक्सेलची पट्टी उरते आणि चेहरे दिसतच नाहीत. व्हॉट्सॲपवर काही वेळा चौकोनी लहान चित्र येते. तिथे मधले १००० पिक्सेलच राहतात आणि मधल्या दोघांच्या चित्रांचाही एक तृतीयांश भाग जातो. ‘चार हुतात्मे’ असे शीर्षक आणि खाली दोनच चेहरे, असा तो दुवा शहरभर फिरतो.

यावर उपाय म्हणजे मुख्य चित्र वेगळे बनवणे. १२०० × ६३० चा कोरा, साध्या रंगाचा कागद घ्यावा आणि त्याच्या बरोबर मध्ये चौघांची चित्रे दोन वर, दोन खाली अशी बसवावीत, प्रत्येक ३१५ × ३१५ पिक्सेल. अशी चौकट ६३० × ६३० ची होते आणि तिच्या दोन्ही बाजूंना २८५ पिक्सेल रंग उरतो. आडवे कापले तरी चौघे राहतात, चौकोनी कापले तरी चौघे राहतात. आडवी पट्टी लेखाच्या आत तशीच ठेवता येते. मुख्य चित्र आणि आतले चित्र एकच असले पाहिजे असा काही नियम नाही.

छायाचित्राखालची ओळ ही मजकुराचाच भाग आहे, तरीही मुद्रितशोधनात ती सर्वांत जास्त वेळा सुटते. पट्टीखाली ‘डावीकडून’ अशी नावे दिली असतील, तर चिठ्ठी हातात घेऊन एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत क्रम जुळवावा. जोडताना पट्टीतला क्रम बदललेला असतो आणि ओळ जुनीच राहते. चित्राचे वर्णन देण्यासाठीची जी वेगळी चौकट असते, तिथे ‘IMG_2041’ असे काही राहू देऊ नये. डोळ्यांनी न पाहता पडदावाचकाच्या साहाय्याने लेख ऐकणाऱ्याला तेच ऐकू येते. ‘चार हुतात्म्यांची चित्रे, वर धनशेट्टी आणि सारडा, खाली शिंदे आणि हुसेन’ असे एक पूर्ण वर्णन पुरे होते.

चौथी फेरी: मोबाइल

संगणकावरच सुरुवात करता येते. क्रोममध्ये F12 दाबून मग Ctrl+Shift+M दाबले की पान फोनच्या आकारात दिसू लागते. वर रुंदीच्या जागी ३६० लिहावे, कारण साध्या अँड्रॉइड फोनांची रुंदी बहुधा तेवढीच असते आणि तिथे नीट दिसणारे पान मोठ्या फोनवर सहसा बिघडत नाही. मग लेख वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवत न्यावा. पान आडवे सरकते आहे असे आढळले, तर काहीतरी रुंदीबाहेर गेले आहे: बहुतेक वेळा तक्ता, नाहीतर न तुटणारा लांबलचक पत्ता.

आपल्या लेखातला घटनाक्रमाचा तक्ता चार स्तंभांचा आहे: तारीख, ठिकाण, घटना आणि संदर्भ. ३६० पिक्सेलमधून कडेच्या मोकळ्या जागा वजा केल्या की प्रत्येक स्तंभाला जेमतेम ऐंशी पिक्सेल मिळतात, आणि ‘सत्याग्रहींवर’सारखा शब्द त्यात मावत नाही. अक्षर लहान करणे हा उपाय नव्हे. ठिकाण घटनेच्या वाक्यात मिसळावे, संदर्भ तक्त्याखाली न्यावा आणि तारीख व घटना असे दोनच स्तंभ ठेवावेत.

देवनागरीची काही दुखणी फक्त इथेच दिसतात. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेले असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.८ पट अंतर ठेवले की वाचन सुकर होते. शीर्षकात अक्षरांमध्ये जादा अंतर दिलेले असेल तर शिरोरेषा तुटते. ते अंतर शून्य करावे. दोन्ही कडा सारख्या करणारी मांडणी फोनच्या अरुंद ओळीत शब्दांमध्ये मोठी भगदाडे पाडते, म्हणून डावी कड तेवढी सरळ ठेवावी. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची न दिसता हिंदी वळणाची दिसत असतील, तर पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली आहे का ते पाहावे:

```
<html lang="mr">
```

फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असेल तर एवढ्याने अक्षरे बदलतात, आणि पडदावाचकालाही मराठी उच्चार निवडता येतो.

संगणकावरचा हा देखावा म्हणजे खरा फोन नव्हे. त्यात फॉन्ट संगणकाचेच असतात आणि अंगठ्याने दाबण्याचा अनुभव येत नाही. म्हणून शेवटी पूर्वदृश्य प्रत्यक्ष फोनवर उघडावे, जमल्यास एक अँड्रॉइड आणि एक आयफोन असे दोन्ही घ्यावेत, आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहावे. फोनची गडद पार्श्वभूमी चालू करून एकदा पाहणेही गरजेचे आहे: पारदर्शक चित्रावर काळ्या अक्षरांत लिहिलेली नावे संकेतस्थळाची पार्श्वभूमी काळी झाली की नाहीशी होतात. दोन दुवे एकाखाली एक, अगदी जवळ असतील, तर अंगठा चुकीच्या दुव्यावर पडतो. त्यांच्यामध्ये एक वाक्य घालावे.

बटण दाबल्यानंतर

प्रकाशनाची वेळ पुढची ठरवली असेल तर संकेतस्थळाचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे का, ते सेटिंगमध्ये पाहावे. ते जागतिक वेळेवर असेल तर सकाळी सहाला ठरवलेला लेख साडेअकराला येतो.

लेख आला की त्याचा पत्ता व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पाठवायला घ्यावा. पाठवण्याआधीच लिहिण्याच्या चौकटीवर शीर्षक आणि चित्र दिसू लागते, आणि शीर्षक मध्येच तुटते का, चौघे दिसतात का, हे तिथेच कळते. जुने चित्र येत असेल तर फेसबुकच्या Sharing Debugger मध्ये पत्ता टाकून Scrape Again दाबावे, आणि व्हॉट्सॲपसाठी पत्त्याच्या शेवटी `?v=2` जोडून पाहावे. पान आता सर्वांसाठी खुले असल्याने validator.w3.org/checklink वर दुव्यांची आणखी एक तपासणी करता येते. आपल्या हाताने केलेल्या फेरीत एखादा तुटलेला दुवा निसटला असेल तर तो इथे सापडतो.

पहिल्या तासात शुद्धलेखनाची एखादी चूक सापडली तर ती मुकाट्याने दुरुस्त करावी. नाव, तारीख किंवा घटनेतला तपशील चुकला असेल तर दुरुस्तीसोबत लेखाच्या तळाशी काय बदलले आणि कधी बदलले, हे एका वाक्यात नोंदवावे, कारण तोपर्यंत कोणीतरी तो लेख शाळेच्या फळ्यावर उतरवून घेतलेला असू शकतो. शीर्षकातली चूक दुरुस्त करताना लेखाचा पत्ता मात्र बदलू नये. तो बदलला, की सकाळपासून ज्यांच्या ज्यांच्याकडे दुवा गेला आहे त्या सगळ्यांकडे तो तुटतो. पत्ता बदलणे अगदी टाळताच येत नसेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर ३०१ प्रकारचे पुनर्निर्देशन लावावे आणि जुना पत्ता खासगी खिडकीत उघडून ते चालते आहे याची खात्री करून घ्यावी.